गंधकाचा गोळा आणि नेमकं अर्धं क्षेत्र

दोन सपाट धातूच्या पट्ट्या समोरासमोर ठेवा, त्यांच्यात विद्युतदाब द्या आणि मधल्या मोकळ्या जागेत गंधकाचा एक पिवळा, गुळगुळीत गोळा रेशमी धाग्यानं टांगा. गोळ्याचा व्यास 2 सेंटिमीटर धरू. पट्ट्या गोळ्याच्या मानानं चांगल्या मोठ्या आणि लांब असल्या, तर गोळा येण्यापूर्वी मधल्या जागेतलं विद्युतक्षेत्र सगळीकडे सारखं असतं: तीच दिशा, तीच तीव्रता. ती मीटरला 1 लाख व्होल्ट आहे असं समजा. हवेत ठिणगी पडायला याच्या सुमारे तीसपट क्षेत्र लागतं, त्यामुळे इथे काही कडाडत नाही. गोळा हलत नाही, तापत नाही, त्याचा रंग बदलत नाही.

पण गोळ्याच्या आत एक विलक्षण गोष्ट घडलेली असते. तिथलं क्षेत्र मीटरला 50 हजार व्होल्ट झालेलं असतं. मध्यभागी 50 हजार, पृष्ठभागाच्या अगदी खाली 50 हजार, वर, खाली, कडेला, कुठेही 50 हजारच. आणि दिशा बाहेरच्या मूळ क्षेत्राचीच, केसभरही न वळलेली. बाहेर मात्र गोळ्याभोवती क्षेत्राची पार उलथापालथ झालेली असते. पट्ट्यांकडे तोंड असलेल्या दोन ध्रुवांपाशी, पृष्ठभागाला लागूनच, ते 2 लाखांवर गेलेलं असतं, तर गोळ्याच्या विषुववृत्तालगत 50 हजारांवर उतरलेलं असतं. बाहेर इतका चढउतार आणि आत इतकी पूर्ण समता, हे एकाच वेळी कसं जमतं? गंधक तर वीज वाहू देत नाही. त्याच्या आत मोकळा फिरणारा प्रभारच नाही. मग हे क्षेत्र अर्धं केलं कुणी?

केलं ते बद्ध प्रभारांनी. गंधकाच्या प्रत्येक अणूत 16 धन प्रभारांचं केंद्रक असतं आणि त्याभोवती 16 इलेक्ट्रॉनांचा ढग. हे इलेक्ट्रॉन आपापल्या रेणूला बांधलेले असतात. धातूतल्यासारखे या टोकाकडून त्या टोकाकडे जात नाहीत. पण बांधलेले म्हणजे अगदी खिळलेले नव्हेत. बाहेरचं क्षेत्र लागलं की ढग धन पट्टीच्या दिशेनं किंचित सरकतो आणि केंद्रकाच्या ओढीनं तिथेच अडतो. प्रत्येक रेणूची एक बाजू जराशी ऋण, दुसरी जराशी धन होते. यालाच ध्रुवीकरण म्हणतात. पराविद्युत पदार्थात, म्हणजे वीज न वाहणाऱ्या पण क्षेत्राला असा प्रतिसाद देणाऱ्या पदार्थात, एवढंच घडू शकतं. गोळ्याच्या पोटात एका रेणूची धन बाजू शेजारच्याच्या ऋण बाजूला लागून असते, म्हणून तिथे बेरीज शून्य होते. हिशेब उरतो तो फक्त पृष्ठभागावर, कारण तिथे पुढे शेजारीच नसतो.

हा उरलेला हिशेब पाहण्याची एक फार सुंदर रीत आहे. गोळ्यातली सगळी केंद्रकं मिळून एक धन गोळा आणि सगळे इलेक्ट्रॉन मिळून तेवढ्याच आकाराचा एक ऋण गोळा अशी कल्पना करा. क्षेत्र नसताना ते एकमेकांवर तंतोतंत बसलेले असतात आणि एकमेकांना पुसून टाकतात. क्षेत्र लावलं की ऋण गोळा अख्खाच्या अख्खा जरासा सरकतो. दोन रंगांच्या पारदर्शक कागदांच्या सारख्याच चकत्या एकमेकींवर ठेवून एक किंचित सरकवली तर मधला भाग दोन्ही रंगांचा राहतो आणि दोन कडांना दोन चंद्रकोरी उघड्या पडतात, तसंच इथे होतं. एका ध्रुवाकडे ऋण प्रभाराची कोर, दुसरीकडे धन प्रभाराची. कोर ध्रुवावर सर्वांत जाड असते, विषुववृत्ताकडे जाता जाता पातळ होत तिथे संपते. जाडी किती कमी होते याचा नियमही या चित्रातूनच निघतो: ध्रुवाच्या रेषेशी होणाऱ्या कोनाच्या कोज्येच्या, म्हणजे cos θ च्या प्रमाणात. पृष्ठभागावरच्या बद्ध प्रभाराची घनता म्हणूनच P cos θ येते. इथे P म्हणजे ध्रुवीकरण, दर घनमीटरमागे किती द्विध्रुव तयार झाला त्याचं माप.

आता या दोन कोरी गोळ्याच्या आत कोणतं क्षेत्र निर्माण करतात ते काढायचं. थेट कोरींवरून बेरीज करायला बसलात तर लांबलचक समाकलन करावं लागेल. पण दोन गोळ्यांची कल्पना हाताशी असताना त्याची गरजच नाही. सर्वत्र सारखा प्रभार भरलेल्या गोळ्याच्या आत, केंद्रापासून जितकं दूर जाल तितकं क्षेत्र सरळ प्रमाणात वाढतं. गुरुत्वाकर्षणासाठी ही गोष्ट न्यूटननं 1687 च्या आपल्या ‘प्रिन्सिपिया’त सिद्ध केली होती, आणि विद्युतबलही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणातच चालत असल्यामुळे ती इथेही जशीच्या तशी लागू पडते. म्हणजे आतल्या कुठल्याही बिंदूवर धन गोळ्याचं क्षेत्र त्या बिंदूच्या धन केंद्रापासूनच्या अंतरावर ठरतं आणि ऋण गोळ्याचं क्षेत्र ऋण केंद्रापासूनच्या अंतरावर. दोहोंची बेरीज करताना बिंदू कुठे आहे ही माहिती वजाबाकीत उडून जाते. उरतं ते फक्त दोन केंद्रांमधलं अंतर, आणि ते तर सगळ्या बिंदूंसाठी एकच आहे.

आतल्या समतेचं सगळं रहस्य या एका वजाबाकीत आहे. भौतिकशास्त्रातल्या ज्या थोड्या युक्तिवादांनी मन खरोखर थक्क होतं, त्यांत मी याला फार वरची जागा देतो. दोन कोरींचं क्षेत्र आत सगळीकडे सारखं, बाहेरच्या क्षेत्राच्या नेमकं उलट दिशेचं, आणि त्याचं मूल्य P/3ε₀. गोळ्याच्या बाहेर मात्र प्रत्येक प्रभारित गोळा आपला सगळा प्रभार केंद्रात गोळा झाल्यासारखा वागतो, त्यामुळे दोघे मिळून बाहेरून गोळ्याच्या मध्यावर ठेवलेल्या एका इवल्याशा द्विध्रुवासारखे दिसतात. बाहेरचा सगळा चढउतार त्या द्विध्रुवाचा.

अजून एक गाठ सुटायची आहे. बद्ध प्रभार क्षेत्रामुळे सरकतात, पण कोणत्या क्षेत्रामुळे? पट्ट्यांच्या मूळ क्षेत्रामुळे नव्हे. त्यांना जाणवतं ते आतलं एकूण क्षेत्र, आणि त्यात त्यांचा स्वतःचा विरोधही मिसळलेला असतो. म्हणजे कारण कार्यावर अवलंबून आणि कार्य कारणावर. सुदैवानं दोन साध्या वाक्यांत हे पकडता येतं. आतलं क्षेत्र म्हणजे मूळ क्षेत्रातून विरोध वजा केलेलं. आणि ध्रुवीकरण आतल्या क्षेत्राच्या प्रमाणात. चिन्हांत लिहिलं तर:

E = E₀ − P/3ε₀
P = ε₀(εᵣ − 1)E

इथे εᵣ हा पदार्थाचा पराविद्युत स्थिरांक. दुसरं वाक्य पहिल्यात घातलं की उत्तर येतं, E = 3E₀/(εᵣ + 2). गंधकाचा स्थिरांक 4 च्या आसपास असतो. 4 धरला की 3 भागिले 6, म्हणजे बरोबर अर्धं.

यात आपण एक गोष्ट गृहीत धरून चाललो होतो, की ध्रुवीकरण गोळाभर सारखं आहे. ते गृहीत धरल्यावर आतलं क्षेत्र सारखं निघालं, आणि क्षेत्र सारखं असेल तर ध्रुवीकरणही सारखंच होणार. वर्तुळ पूर्ण झालं. विद्युतस्थितिकीत एक प्रमेय आहे की सगळ्या अटी पाळणारं उत्तर एकच असतं. त्यामुळे अंदाजानं का होईना, सुसंगत उत्तर सापडलं की तेच निसर्गाचं उत्तर.

हेच कोडं एकेक पायरीनं सोडवायला गेलं तर मात्र भलताच अनुभव येतो, आणि गंधकाच्या बाबतीत तो फारच नाट्यमय आहे. पहिल्या पायरीला समजा, की विरोध अजून सुरूच झालेला नाही. आतलं क्षेत्र 1 (मूळ क्षेत्र हेच एकक). त्यानं जे ध्रुवीकरण होईल त्याचा विरोध किती? स्थिरांक 4 असेल तर हा विरोधही बरोबर 1 येतो. म्हणजे आता आतलं क्षेत्र 1 − 1, शून्य. क्षेत्र शून्य तर ध्रुवीकरणही शून्य, म्हणजे विरोध गेला आणि क्षेत्र पुन्हा 1. मग पुन्हा शून्य. आपण 1 − 1 + 1 − 1 ही कधी न संपणारी बेरीज लिहीत बसतो आणि ती कुठेच स्थिरावत नाही. ही तीच मालिका आहे जी इटालियन गणिती ग्विदो ग्रांदी यांनी 1703 साली चर्चेत आणली आणि जिचं मूल्य अर्धं मानावं असं लायब्निझचं मत पडलं होतं. कागदावर तो वादाचा विषय होता. गंधकाच्या गोळ्यात क्षेत्र खरोखरच अर्धं असतं.

गोळा काही एकदा शून्य आणि एकदा एक असा हेलकावत नसतो. इलेक्ट्रॉनांचे ढग पाळी पाळीनं प्रतिसाद देत नाहीत. ते जरासे सरकताच विरोध तयार होतो आणि त्या कमी झालेल्या क्षेत्रातच पुढचं सरकणं होतं. गणित करणाऱ्यानं उडी मोठी घेतली, एवढाच अर्थ. प्रत्येक पायरीला जुनं आणि नवं उत्तर यांची सरासरी घेतली तर 1 आणि 0 यांच्यामधून थेट अर्धं मिळतं आणि पुढे ते हलतच नाही. स्थिरांक 4 पेक्षा कमी असेल, पॅराफिन मेणासारखा दोनच्या जरा वर, तर सरासरी न घेताही पायऱ्या आपोआप खऱ्या उत्तराकडे जातात. पण पाण्याचा स्थिरांक 80 घेऊन कुणी संगणकावर हे पायरीपायरीनं काढू पाहिलं तर दुसऱ्याच पायरीला उणे पंचवीस, तिसऱ्या पायरीला साडेसहाशेच्या वर असे आकडे फुगत जातात, खरं उत्तर 3/82 इतकं लहान असूनही. तिथे सरासरीही पुरत नाही. दर पायरीला जुन्या उत्तरात नव्याचा फक्त विसावा भाग मिसळला तर हिशेब ताळ्यावर येतो. आकडे असे आलटून पालटून धन-ऋण होत फुगताना दिसले, तर दोष पदार्थात शोधू नये. पाऊल लहान करावं.

सूत्रातला तो 3 कुठून आला, हा प्रश्न मनात यायलाच हवा, कारण शिकणाऱ्याची नेहमीची चूक इथेच होते. ‘पदार्थाच्या आत क्षेत्र εᵣ पटीनं कमी होतं’ हे वाक्य शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. ते खरं आहे, पण फक्त क्षेत्राला आडव्या ठेवलेल्या पातळ वडीसाठी. गंधकाची अशी वडी पट्ट्यांना समांतर ठेवली तर तिच्या आत क्षेत्र एक चतुर्थांश होतं, कारण बद्ध प्रभार वडीच्या दोन्ही रुंद पृष्ठांवर पसरून पुरेपूर विरोध करतात. उलट, गंधकाची लांब बारीक सळई क्षेत्राच्या दिशेनं धरली तर बद्ध प्रभार तिच्या दोन टोकांवर, दूर कुठेतरी असतात. मध्यभागी त्यांचा विरोध जवळजवळ पोचतच नाही आणि क्षेत्र होतं तेवढंच राहतं. पदार्थ एकच, बाहेरचं क्षेत्र एकच, फक्त आकार बदलला. या विरोधाचं माप तीन काटकोनी दिशांना मोजून बेरीज केली तर ती नेहमी 1 भरते. वडीच्या बाबतीत सगळाच्या सगळा 1 एकाच दिशेला जातो आणि बाकीच्या दोन दिशांना शून्य. गोळ्याला तिन्ही दिशा सारख्याच, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला एक तृतीयांश. तो 3 म्हणजे आपण राहतो त्या अवकाशाच्या दिशांची संख्या आहे.

आतली संपूर्ण समता मात्र गोळा आणि त्याचे ताणलेले-दाबलेले भाऊबंद, म्हणजे लंबगोल, यांनाच लाभते. चुंबकत्वाच्या संदर्भात प्वासाँनं हे गणित 1820 च्या दशकातच मांडलं होतं. गंधकाचा घन ठोकळा ठेवलात तर त्याच्या कडा आणि कोपऱ्यांपाशी बद्ध प्रभार दाटतात, आतलं क्षेत्र जागोजागी बदलतं आणि त्यामुळे ध्रुवीकरणही. तिथे साधं सूत्रच उरत नाही, संगणकाला शरण जावं लागतं.

आता आपल्या गोळ्याकडे परत येऊ आणि आकडे घालून पाहू. क्षेत्र 1 लाख व्होल्ट प्रतिमीटर, स्थिरांक 4. ध्रुवीकरण येतं दर चौरस मीटरला सुमारे 1.33 मायक्रोकूलॉम, आणि ध्रुवावरच्या बद्ध प्रभाराची घनताही तेवढीच. 1 सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळ्याच्या एका अर्ध्या भागावरचा सगळा बद्ध प्रभार मोजला तर 0.42 नॅनोकूलॉम, म्हणजे सुमारे 260 कोटी इलेक्ट्रॉनांइतका. ऐकायला ही संख्या मोठी वाटते, पण त्या अर्ध्या पृष्ठभागावर गंधकाचे अणूच इतके आहेत की पंचवीस-तीस लाख अणूंमागे एका इलेक्ट्रॉनाएवढा प्रभार पडतो.

खरा धक्का पुढच्या प्रश्नात आहे. एवढा प्रभार उघडा पाडण्यासाठी ऋण गोळा किती सरकला? गंधकाची घनता आणि अणुभार माहीत आहे, दर अणूत 16 इलेक्ट्रॉन आहेत. त्यावरून एका घनमीटर गंधकातल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांचा एकूण प्रभार निघतो सुमारे 100 अब्ज कूलॉम. आपल्या छोट्या गोळ्यातच सव्वाचार लाख कूलॉमच्या आसपास ऋण प्रभार आहे आणि तेवढाच धन. आकाशातून कोसळणारी एक वीज साधारणपणे काही कूलॉम ते काही दहा कूलॉम एवढाच प्रभार खाली आणते. इतका प्रचंड साठा असल्यामुळे त्याला जेमतेम सरकावं लागतं. भागाकार करून उत्तर येतं 1.3 × 10⁻¹⁷ मीटर. प्रोटॉनची त्रिज्या 0.84 × 10⁻¹⁵ मीटर आहे. इलेक्ट्रॉनांचा सगळा ढग सरासरीनं सरकला तो प्रोटॉनच्या त्रिज्येच्या साठाव्या भागाएवढा.

हे सरासरीचं अंतर आहे हे ध्यानात ठेवायला हवं. आतल्या कवचांमधले इलेक्ट्रॉन जवळजवळ हलतच नाहीत, बाहेरचे त्या मानानं जास्त हलतात. आणि एकेका इलेक्ट्रॉनाचा ढग तर अणूएवढा पसरलेला असतो, त्याचा फक्त मध्य सरकतो. तसंच ‘आत सगळीकडे 50 हजार’ हे विधानही हजारो अणूंवर सरासरी काढून केलेलं आहे. एकाच अणूच्या पोटात डोकावलं तर तिथली क्षेत्रं याच्या लाखो पट प्रखर असतात. पण या मर्यादा मान्य करूनही माझं आश्चर्य ओसरत नाही. अणुकेंद्रकाच्या एका कणाहूनही कितीतरी सूक्ष्म असं हे सरकणं, आणि त्याचा परिणाम बाहेर टांगलेल्या गोळ्यावर साध्या तराजूनं मोजता येतो.

तो मोजला लुडविग बोल्ट्झमननं. वायूंच्या सिद्धांतासाठी त्याचं नाव सर्वांना माहीत आहे, पण 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं पराविद्युत पदार्थांवर अतिशय कसोशीचे प्रयोग केले होते. अगदी सारख्या क्षेत्रात टांगलेल्या गोळ्यावर निव्वळ ओढ शून्य असते, कारण धन कोर जितकी एकीकडे ओढली जाते तितकीच ऋण कोर दुसरीकडे. ओढ हवी असेल तर क्षेत्र थोडं विषम हवं. म्हणून प्रभारित धातूच्या गोळ्यापासून काही अंतरावर लहानसा पराविद्युत गोळा टांगायचा. जवळची कोर किंचित जास्त जोरानं ओढली जाते, आणि गोळा प्रभाराकडे झुकतो. मग त्याच मापाचा धातूचा गोळा तिथेच टांगून पुन्हा मोजायचं. दोन ओढींचं गुणोत्तर (εᵣ − 1)/(εᵣ + 2) येतं. क्षेत्र किती, अंतर किती, या सगळ्या कटकटी भागाकारात नाहीशा होतात. स्थिरांक 4 असेल तर गंधकाचा गोळा धातूच्या गोळ्याच्या बरोबर अर्ध्या जोरानं ओढला जाईल.

या पद्धतीची मर्यादाही त्याच सूत्रात आहे. स्थिरांक वाढत गेला की गुणोत्तर 1 ला टेकतं. 80 साठी ते 0.963 आणि 100 साठी 0.971, त्यामुळे ओढ मोजताना एका टक्क्याची चूक झाली की उत्तर 80 चं 100 च्याही वर जाईल. 4 च्या आसपास मात्र तेवढीच चूक स्थिरांकात दोन टक्क्यांच्या आत राहते. गंधक, मेण, राळ यांच्यासाठी ही उत्तम रीत आहे, पाण्यासाठी नाही.

पाण्याची दुसरीही अडचण आहे. नळाच्या पाण्यात आयन असतात, ते मोकळे फिरतात, आणि सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी वेळात पृष्ठभागावर पोचून आतलं क्षेत्र पार संपवतात. स्थिर क्षेत्रात पाण्याचा थेंब धातूसारखाच वागतो. गंधकाच्या गोळ्यावरही हाताचा घाम किंवा दमट हवेचा पातळ थर बसला तर तीच गत होते: प्रभार त्या थरावरून हळूहळू सरपटतात आणि ओढीचं गुणोत्तर अर्ध्यावरून एकाकडे सरकू लागतं. ओळखायची खूण वेळ. खऱ्या ध्रुवीकरणाची ओढ क्षेत्र लावताच पूर्ण उमटते आणि तिथेच राहते. मिनिटागणिक आकडा वाढताना दिसला तर गोळा गळका आहे.

याहून फसवी चूक म्हणजे गोळ्यावर आधीच चिकटलेला प्रभार. सतराव्या शतकात माग्डेबुर्गच्या ओटो फॉन गेरिकेनं गंधकाचाच गोळा हातानं घासून विजेचे प्रयोग केले होते, ते उगीच नव्हे. गंधक घासल्यावर सहज प्रभारित होतो आणि तो प्रभार तासन् तास टिकवतो. कापडानं पुसलेला गोळा प्रयोगाला घेतला तर मोजतोय काय तेच कळेनासं होतं. इथे विद्युतदाबाची दिशा उलटून पाहावी. चिकटलेल्या प्रभारावरचं बल दिशा उलटताच उलटतं. बद्ध प्रभारांवरचं उलटत नाही, कारण क्षेत्र उलटलं की त्या कोरीही जागा बदलतात आणि ओढ क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून राहते. दोन्ही दिशांच्या मापांची सरासरी घेतली की उपरा प्रभार हिशेबातून बऱ्याच अंशी बाजूला होतो.

1874 मध्ये बोल्ट्झमननं गंधकाच्या स्फटिकांपासून केलेले गोळे घेतले आणि ते वेगवेगळ्या बाजूंनी क्षेत्रापुढे धरले. स्फटिकात रेणू तीन दिशांना वेगवेगळ्या रीतीनं रचलेले असतात, त्यामुळे ढग एका दिशेला जरा सैल, दुसरीला जरा घट्ट. त्याला तीन अक्षांवर तीन स्थिरांक मिळाले: सुमारे 4.77, 3.97 आणि 3.81. गोळा तोच, वजन तेच, फक्त फिरवून धरला की ओढ धातूच्या गोळ्याच्या 0.56 पटीवरून 0.48 पटीवर येते. मॅक्सवेलच्या नव्या सिद्धांताप्रमाणे स्थिरांक हा प्रकाशाच्या अपवर्तनांकाच्या वर्गाइतका असायला हवा होता. गंधकाच्या स्फटिकाचे तीन अपवर्तनांक साधारण 2.25, 2.04 आणि 1.96, वर्ग केले तर 5, 4.2 आणि 3.8 च्या जवळ. क्रम तोच, आकडेही शेजारचेच. प्रकाशाचं क्षेत्र सेकंदाला लाखो अब्ज वेळा उलटतं आणि जड केंद्रकांना त्या गतीनं हलणं शक्य नसतं. म्हणजे गंधकात सरकतात ते इलेक्ट्रॉनच, हे या जुळणीतून आज आपल्याला वाचता येतं. पाण्याच्या अपवर्तनांकाचा वर्ग 1.8 च्या खाली आणि स्थिर क्षेत्रातला स्थिरांक 80, कारण तिथे अख्खे रेणूच वळतात आणि प्रकाशाबरोबर त्यांना वळता येत नाही.

स्फटिकाचा असा गोळा सारख्या क्षेत्रात तिरपा टांगला तर आपलं दोन गोळ्यांचं चित्र अजूनही चालतं. आतलं क्षेत्र तेव्हाही सगळीकडे सारखंच असतं, पण आता ते बाहेरच्या क्षेत्राशी समांतर राहत नाही. सर्वांत सैल आणि सर्वांत घट्ट अक्षांच्या बरोबर मधोमध, 45 अंशांवर क्षेत्र लावलं, तर सैल अक्षावर विरोध जास्त होतो, म्हणून आतलं क्षेत्र घट्ट अक्षाकडे सुमारे साडेचार अंश कलतं. आणि ध्रुवीकरण उलट बाजूला, सैल अक्षाकडे, सुमारे 4 अंश. ऋण कोर आणि धन कोर यांना जोडणारी रेषा बाहेरच्या क्षेत्राच्या रेषेवर राहत नाही, त्यामुळे एकीकडे खेचण्याचं बल शून्य असलं तरी पीळ उरतो, आणि रेशमी धाग्यावरचा गोळा आपला सैल अक्ष क्षेत्राच्या दिशेला येईपर्यंत हळूहळू वळतो.